पाचव्या फेरीपर्यंत

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी कॉस्टिंगच्या पेपरात मी दोनदा नापास झालो. पहिल्यांदा एकतीस, दुसऱ्यांदा तेहेतीस. पास व्हायला चाळीस लागायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे नापास झालं म्हणजे नेमकं काय अडलं, हे घरी कुणाला समजावून सांगताही येत नव्हतं.

थोरला भाऊ ओतूर-जुन्नर जीप चालवायचा. जीप मालकाची, भाऊ फक्त चालवणारा. दुसऱ्या निकालानंतर तो म्हणाला, "मालकाकडं दुसरी गाडी हाय. बोलून ठिवलंय. या खेपेला न्हाई झालं तर लायसन काढायचं."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे बोलला, म्हणजे त्यानं आशा सोडली होती.

ऑक्टोबरची परीक्षा तीन आठवड्यांवर आली. जास्त मार्कांचा प्रश्न ठरलेला असे: ना नफा ना तोटा बिंदू काढा. तोच मला यायचा नाही. सूत्र पाठ होतं. विक्रीच्या किमतीतून बदलता खर्च वजा करायचा, उरलं ते अंशदान, आणि स्थिर खर्चाला त्यानं भागायचं. पण उदाहरणात 'बारा हजार नगांवर स्थिर खर्च नगामागे चार रुपये' असं आलं, की मी ते चार रुपये बदलत्या खर्चात मिळवायचो. बदलता खर्च बारा आणि हे चार मिळून सोळा, विक्री वीस, नफा चार. हिशेब तर बरोबर दिसायचा.

कॉलेजातल्या सरांना वही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "तुझ्या कारखान्यात पहिल्या नगापासून नफा होतो. मग बिंदू काढतोस कशाला? उद्घाटनालाच पेढे वाट."

वर्ग हसला. मीही हसलो, पण चूक कळली नाही. दहादा गणित मांडलं, दहादा तेच. आपल्या डोक्यातच काही कमी आहे, अशी खात्री होत चालली. रात्री झोप येईना.

एका दुपारी वही घेऊन स्टँडवर भावाच्या जीपमध्ये बसलो होतो. दहा शिटा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा तिथला रिवाज. सात बसल्या होत्या. उन्हात बसलेली माणसं कुरकुरत होती.

"राव, हाणा की आता," एक म्हातारे पावणे म्हणाले.

"बाबा, तीन शिटा तुमी आना, लगीच हाणतो."

मी भावाला सहज विचारलं, "दादा, मालकाला फेरीमागं किती देतोस?"

"फेरीमागं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मालकाला दिसाचे तीनशे. धा फेऱ्या झाल्या तरी तीनशे, दोन झाल्या तरी तीनशे."

"पण धा फेऱ्या झाल्या तर फेरीला तीसच पडतात."

"आन दोनच झाल्या, तर साठ रुपये मालकाच्या हातावर ठिवू? हाणंल की मला! फेरीचे शंभर येत्यात. डिझेल नि एजंट मिळून चाळीस जात्यात. साठ ऱ्हात्यात. आशा पाच फेऱ्या मालकाच्या. सहावीपासनं माझ्या. कालेजात काय शिकिवत्यात रं तुला?"

मी वही उघडली. तीनशे भागिले साठ, पाच. स्थिर खर्च नगाला चिकटलेला नसतोच. नग वाढले की वाट्याला कमी येतो, घटले की जास्त. चार रुपये बारा हजारांवरचे, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस हजार. ते वीस वजा बारा, म्हणजे आठच्या अंशदानानं भागायचे. सहा हजार नग. माझे डोळे भरून आले. भाऊ तोवर "जुन्नर, जुन्नर" ओरडत होता.

परीक्षेत तसाच, आकडेही तेच असलेला प्रश्न आला. किंमत वीसवरून अठरा केली, तर पूर्वीचाच अठ्ठेचाळीस हजार नफा मिळवायला किती नग विकावे? हाताला जुनी सवय होती. त्यानं पुन्हा बारा आणि चार सोळा लिहिलं. नगाला नफा दोन, नग चोवीस हजार. उत्तराखाली रेघ ओढली आणि मालकाच्या हातावरचे साठ रुपये आठवले. सगळं खोडलं. अंशदान सहा. स्थिर खर्च आणि नफा मिळून शहाण्णव हजार. सोळा हजार नग. शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला. घंटा झाली.

निकालापर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते आज नीट सांगता येत नाही. लायसनसाठीचे फोटो तेवढे काढून ठेवले होते.

एक्केचाळीस पडले. कॉलेजातून स्टँडपर्यंत पळत गेलो. भाऊ गाडीत होता, नऊ शिटा बसलेल्या. मी मार्कशीट पुढं केली. त्यानं ती उलटी-सुलटी पाहिली, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "बस मागं. धावी शीट तूच. जुन्नरला पेढं घिऊ."

मी चढलो, तेवढ्यात एक बाई पिशवी सांभाळत धावत आल्या.

"दादा, कितवी फेरी?" मी विचारलं.

"चवथी. आजून मालकाचीच."

मी खाली उतरलो आणि त्या बाईंना जागा दिली.

भावानं गिअर टाकला. गाडी निघाली. मार्कशीट त्याच्याकडेच राहिली होती.