पेडगावहून फोन आला नाही

आमचं ऑफिस परभणीत, एका खत-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माणसं तीनच. मी कामं ठरवते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. जिंतूरहून रोज एसटीने येणारा सहकारी कोड लिहितो. तिसरी आधी शाळेत विज्ञान शिकवायची. आता ती आम्ही लिहिलेलं मोडून दाखवते आणि त्याचाच पगार घेते.

गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही एक ॲप चालवतो. केंद्रावर लिटर आणि फॅट भरलं की छोट्या प्रिंटरमधून पावती निघते आणि हिशेब सर्व्हरवर जातो. काम एवढंच, पण त्याला दुसऱ्यांनी लिहिलेल्या ढीगभर लायब्रऱ्या लागतात. तारखा हाताळायला एक, प्रिंटरशी बोलायला एक, लॉगिन तपासायला एक. या लायब्रऱ्या जगात कुठे ना कुठे सतत नव्या होत असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बॉट आहे. दर सोमवारी तो जुनी झालेली प्रत्येक लायब्ररी हेरतो आणि तिच्यासाठी एक पुल रिक्वेस्ट उघडून ठेवतो: ही आवृत्ती काढा, ही घ्या. मग आमच्या चाचण्या आपोआप चालतात. पास झाल्या तर हिरवी खूण, नाहीतर लाल. घ्यायचं की नाही, ते माणसाने ठरवायचं.

मुळात हा बॉट एका वेळी मोजक्याच रिक्वेस्टी उघडतो. पण बाकी राहिलेलं सगळं मला एकत्र डोळ्यांसमोर लागतं, म्हणून ती मर्यादा मी वाढवून घेतली होती. दिवाळीनंतर दूध वाढलं, केंद्रांचे फोन वाढले, आणि आम्ही तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संक्रांतीनंतर यादी उघडली तर सरकवता सरकवता बोट दुखलं.

"लय झालेत, मॅडम," जिंतूरकर म्हणाला. "सोमवार आला की अजून भर पडती. त्या बॉटला एखादी रजा द्या."

"त्याला पगार नाही, रजा कुठून?" आमच्या माजी शिक्षिका म्हणाल्या. ऑफिसात आम्ही तिला बाईच म्हणतो. ती वयाने माझ्याहून बरीच लहान आहे, पण तिचा आवाज वर्गातलाच राहिलाय.

जिंतूरकराचं म्हणणं, जी जुनी ती आधी, रांगेसारखं. बाईंचं म्हणणं, हिरव्या सगळ्या एकदम घेऊन टाकू. पण एकदम घेता येत नाहीत. सगळ्या रिक्वेस्टी आवृत्त्यांची नोंद असलेल्या त्याच एका फाइलला हात घालतात. एक आत गेली की बाकीच्या तिच्याशी अडतात, बॉट त्या पुन्हा मांडतो, चाचण्या पुन्हा चालतात. म्हणून क्रम लावायलाच हवा. मी प्रत्येकीपुढे दोन प्रश्न लिहिले: हे घेतलं नाही तर काय होईल, आणि हे घेऊन बिघडलं तर कोणाचा फोन येईल?

पहिल्या प्रश्नाने पहिली जागा लगेच ठरली. सर्व्हरवर लॉगिन तपासणाऱ्या लायब्ररीत एक भोक सापडलं होतं. पासवर्ड नसतानाही कोणी आत शिरू शकलं असतं. दुरुस्ती छोटी होती, केंद्रावरच्या फोनशी तिचा संबंध नव्हता. चहा यायच्या आत ती आत घेतली आणि सर्व्हरवर चढवली. मग चाचण्यांची अवजारं घेतली. ती बिघडली तर फोन फक्त बाईंचा येणार, आणि बाई शेजारच्याच खुर्चीत. मग तारखांची लायब्ररी. कामाला लय आली.

तेव्हा जिंतूरकराने एका मोठ्या रिक्वेस्टीकडे बोट दाखवलं. ज्या सांगाड्यावर आमचं अख्खं ॲप उभं आहे, त्याचीच नवी मोठी आवृत्ती.

"हिच्या खाली लाल किती हायेत बघा. सगळ्या हिच्यासाठीच अडून बसल्यात. ही एक घेतली की त्या हिरव्या होतील. यादी निम्म्यावर येईल."

यादी निम्म्यावर येईल, असं मला कोणी सांगू नये. मी हो म्हणाले. तो दोन दिवस तिच्यावर राबला, जिथे जिथे कोड नव्या सांगाड्याला जुळत नव्हता तिथे तिथे दुरुस्त केला, आणि लाल खूण हिरवी झाली. बाईंनी ऑफिसच्या फोनवर पावत्या काढून पाहिल्या. रिक्वेस्ट आत गेली.

आता पेडगावच्या मावशीबद्दल सांगायला हवं. तिचं केंद्र आमच्या पहिल्या काही केंद्रांपैकी. सुरुवातीपासून आम्ही काहीही बदललं की तासाभरात तिचा फोन यायचा: "बटन तिकडं का नेलं? माजं बोट अजून इकडंच जायलंय." तिच्या तक्रारी खऱ्या निघायच्या. शेवटी आम्ही रीतच पाडली. नवी आवृत्ती प्ले स्टोअरवरून आधी फक्त पेडगावला द्यायची. सकाळचं दूध संपेपर्यंत मावशीचा फोन आला नाही, तर सगळ्यांना पाठवायची. आणि सगळ्यांना पाठवली की सर्व्हरवर किमान आवृत्ती वाढवायची, म्हणजे जुनं ॲप 'नवी आवृत्ती घ्या' म्हणून थांबतं, पुढे जात नाही. दोन तऱ्हांच्या ॲपमधून आलेला हिशेब जुळवताना जीव जातो, म्हणून हे.

त्या हंगामात दूध कंपनीने सगळ्या केंद्रांना बजावलं होतं की ॲपची पावती नसेल तर दूध उचलणार नाही, आणि असं पुन्हा घडलं तर केंद्र शेजारच्या गावाला जोडू. मावशीचं घर त्या केंद्रावर चालतं.

नवी आवृत्ती रात्रीच पेडगावसाठी सोडून ठेवली होती. सकाळी फोन आला नाही.

"मावशी खूश दिसतेय," जिंतूरकर म्हणाला. त्याचं बोट बटणावर होतं. "पाठवू का सगळ्यांला? किमान आवृत्तीबी वाढवतो."

"थांब," बाई म्हणाल्या. "मावशीची बोलणी बसली का?"

"न्हाई बसली. म्हणून तर म्हणायलोय."

"नव्या सांगाड्यामुळे तारखेचा रकाना खाली गेलाय. बटणाचा रंग बदललाय. आणि मावशी त्यावर काहीच बोलत नाही? ताप आलाय का तिला?"

आम्ही हसलो. मग मी हसायची थांबले आणि फोन लावला. मागे कॅनचे आवाज येत होते.

"मावशी, नवं ॲप कसं वाटलं?"

"कोन्तं नवं? माज्याकडं जुनंच हाय. मी म्हनलं, ह्या येळला ताई मला इसरल्या. मला राग आला, म्हनून फोन केला न्हाई."

बाईंनी सर्व्हरवरची नोंद काढली. लॉगिन करताना ॲप फोनची माहितीही पाठवतं. पेडगावच्या फोनवर अँड्रॉइड सहा. नव्या सांगाड्याला किमान सात लागतं. अशा फोनला प्ले स्टोअर नवी आवृत्ती दाखवतच नाही. चुकीचा संदेशबिंदेश काही दिसत नाही, नवं ॲप फक्त येत नाही. आमच्या चाचण्या संगणकातल्या नव्याकोऱ्या फोनवर चालतात आणि ऑफिसचा फोनही तसा नवाच, त्यामुळे खूण हिरवी. काही जुने फोन सुटतील अशी सूचना स्टोअरने दिली होती. जिंतूरकराने ती वाचलीही होती.

"मला वाटलं, असले फोन आता कोण वापरतंय," तो म्हणाला. मग हळूच, "मावशी वापरतेय."

बटण दाबलं असतं तर संध्याकाळच्या दुधाला मावशीचं ॲप 'नवी आवृत्ती घ्या' म्हणालं असतं, आणि घ्यायला तिला काहीच मिळालं नसतं. तिची रांग, तिचे कॅन, कंपनीची गाडी, सगळं तिथेच अडलं असतं. गप्प राहणं म्हणजे ठीक असणं, ही आमची रीत. पण नवं ॲप पोचलंच नसलं तरीही मावशी गप्पच राहील, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

किमान आवृत्ती होती तशीच ठेवली आणि दुपारी बाई नि मी स्कूटीवर पेडगावला गेलो. माझा बेत सरळ होता: मावशीला नवा फोन घेऊन द्यायचा, म्हणजे सांगाडा आत राहील, यादी निम्म्यावर राहील.

मावशी फॅटचं मशीन पुसत होती. फोनला रबरबँड लावलेला, काचेला कोपऱ्यात तडा.

"नवा कशाला? ह्यो मेलाय का?"

"मेला नाही, पण म्हातारा झालाय."

"मी बी झाले. मला बी बदलता का?"

बाईंना हसू आवरेना. मी नेटाने समजावत होते, तोवर संध्याकाळचं दूध यायला लागलं. एक म्हातारा बरणी घेऊन उभा राहिला, त्याच्यामागे दोन बाया. मावशीची नजर मापावर, आणि बोटं न बघता फोनवर चालत होती. पावती फाडून देताना ती माझ्याकडे वळली.

"बगितलं का? नव्या फोनात हात बसंस्तोर ह्या लोकांनी हितं उभं ऱ्हायचं का? आता दूध लय हाय."

"मग कधी घ्याल?"

"उन्हाळ्यात म्हशी आटत्यात. रांग निम्मी व्हती. तवा घेईन, माजी मी घेईन, पोरगी आनून देती. दुपारच्याला बसून शिकंन." तिने पुढच्याची बरणी मापात ओतली. "तवर तुमचं ते मोठं काय हाय ते ठिवा बाजूला."

ते ऐकून मला वाद घालावासा वाटला नाही. तिने एका वाक्यात आमचा क्रम लावला होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी जिंतूरकराने मोठा बदल मागे घेतला. दोन दिवसांची त्याची मेहनत कोडच्या वेगळ्या शाखेत जपून ठेवली; तोंड उतरलं होतं, तेव्हा बाईंनी त्याच्यासाठी खालून भजी मागवली. ही मोठी आवृत्ती पुन्हा सुचवू नकोस, असं बॉटच्या सेटिंगमध्ये लिहिलं. चाचण्यांमध्ये अँड्रॉइड सहाचाही एक फोन घातला, म्हणजे पुढच्या वेळी मावशीच्या तक्रारीवर अवलंबून राहायला नको. सांगाड्यासाठी अडलेल्या लाल रिक्वेस्टी तशाच राहिल्या. बाकीच्या आम्ही रोज थोड्या थोड्या घेतल्या, सकाळचं दूध संपल्यावर.

हे कायमचं चालणार नाही, ते मला माहीत आहे. जुन्या सांगाड्याला दुरुस्त्या मिळणं एक दिवस बंद होईल, आणि तोवर हलायला हवं. म्हणून लाल रिक्वेस्टींपुढच्या 'कधी' या रकान्यात मी लिहिलं: म्हशी आटल्यावर.

जिंतूरकराने ते वाचलं. "मॅडम, हे बॉटला कसं सांगायचं?"

बॉटला ते सांगता येत नाही. त्याला फक्त 'नको' कळतं. कधी, ते मावशीला विचारावं लागतं.