पत्रे कधी लागले

मानपाड्याला रस्त्यालगत एक लांबट मोकळी जागा होती. तिथं मी पाच वर्षं झाडांची नर्सरी चालवली. मी मूळचा जतकडचा. सातवीत शाळा सुटली, आणि डोंबिवलीत आल्यावर आधी दुसऱ्याच्या नर्सरीत कुंड्या भरायला राहिलो. त्यामुळे कोणी स्वतःची जागा माझ्या हवाली करील असं मला कधी वाटलं नव्हतं. काकांनी केली. काका तिथलेच जुने आगरी. त्यांच्या वडिलांच्या वेळी त्या जागेत भात व्हायचा. आता बाजूला टॉवर उठलेले आणि काकांचे गुडघे गेलेले. घर जवळच होतं, तरी ते जागेवर आले तर फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे. मागची हद्द गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी पाहिली नसेल.

पाच वर्षांचा भाडेपट्टा आम्ही रीतसर नोंदवलेला. रजिस्टर करायला गेलो त्या दिवशी कल्याणच्या वकील मॅडमनी एकेक कलम वाचून दाखवलं. जागेची नासधूस करायची नाही. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. मुदत संपली की जागा होती तशी परत द्यायची. मालकानं भाडेकरूला मध्येच त्रास द्यायचा नाही. आणि जागेवर कोणी अतिक्रमण करताना दिसलं, तर भाडेकरूनं मालकाला लगेच कळवायचं.

"ह्याचा काय लिवाचा?" काका म्हणाले. "तो हाय ना तिथं, सांगंल की."

"लिहिलेलं बरं असतं, काका," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "समजलं ना?"

मी हो म्हणालो. समजलेलंही होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मला कळलंच नव्हतं असं मी बऱ्याच जणांना सांगितलं.

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बोअरिंग आटलं. टँकर बोलवायचा तर रोजची कमाई त्यातच जायची. दोन दिवसांत जास्वंदीची पानं लोंबायला लागली. मागच्या प्लॉटवर बिल्डिंगचं काम सुरू होतं. तिथला सुपरवायझर, उत्तरेकडचा माणूस, कुंपणाशी येऊन म्हणाला, "अरे भाई, सूख रहा है सब. पाईप डाल हमारे टाके में."

मी पाईप टाकला. दीड महिना त्याच्या टाकीतून पाणी घेतलं. त्यानं एक पैसा मागितला नाही. मला कोणी काही दिलं की मी त्याच्यापुढे वाकतो. हा माझा स्वभाव आहे आणि तो चांगला आहे, असं मी समजून होतो.

त्याच दीड महिन्यात एका सकाळी जेसीबी आला, त्यानं मागचं तारेचं कुंपण उपटलं आणि सुपरवायझरची माणसं पत्रे ठोकायला लागली. पत्रे जुन्या तारेच्या रेषेवर नव्हते. ते आमच्या बाजूला आत आले होते, चांगली दोन-अडीच पावलं, आणि मागच्या पूर्ण लांबीत. तिथं माझ्या शोभेच्या पामची रांग होती. सुपरवायझरनं माणसं लावून ती कुंडीसकट उचलून पुढं आणून ठेवली. एकही कुंडी फुटली नाही.

"थोडा ही है," तो म्हणाला. "काम होने तक. तेरे को क्या फरक पडता है?"

फरक मला पडत नव्हता, हे खरंच होतं. जागा माझी नव्हती. हद्दीचा दगड त्यांनी उपटून बाजूला टाकलेला. तो मी लोळवत आणला आणि नळाखाली ठेवला, म्हणजे बादली त्यावर नीट बसेल. हे मी स्वतःच्या हातांनी केलं.

संध्याकाळी काका खुर्चीवर येऊन बसले. "मागं जेसीबीचा आवाज कसला रं?"

"त्यांचं कायतरी खोदकाम चाललंय, काका."

"झाडाना धूळ लागंल. पानी मार जरा."

मी पाणी मारलं, त्याच टाकीतलं.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हणता म्हणता आठवडा गेला. मग वाटलं, आता सांगितलं तर आठवडाभर का गप्प बसलास म्हणतील. महिना झाल्यावर ते आणखीच अवघड झालं. पत्र्यांच्या पुढं मी बोगनवेल वाढवली. सुंदर आली होती. गिऱ्हाइकं तिचे फोटो मागायची.

पाचव्या वर्षी गणपती गेल्यावर काकांनी स्वतःहून विषय काढला. नोव्हेंबरअखेर मुदत संपत होती. "आजून पाच वर्स कर," म्हणाले. "तुला सोरून दुसऱ्याला कशाला देवू?" मी त्यांच्या पायाला हात लावला. ते हसले, "अरं ऊठ, देवळात आलास का काय."

नव्या पट्ट्यासाठी मॅडमनी सरकारी मोजणी करायला सांगितली होती. जागेचं क्षेत्र कागदात बरोबर यायला हवं. काकांनी अर्ज आधीच दिलेला होता, ऑक्टोबरात तारीख आली. त्या तारखेआधी माझ्याकडे पंचवीस दिवस होते. पंचवीस दिवस मी रोज काकांना चहा नेऊन दिला आणि रोज परत आलो.

मोजणीवाले मशीन घेऊन आले. मागच्या बाजूला हद्दीचा बिंदू पत्र्यांच्या पलीकडे पडला, शेजाऱ्यांच्या वॉचमनच्या केबिनमध्ये. काका काठी टेकत पहिल्यांदाच मागपर्यंत चालत आले. बोगनवेल हातानं बाजूला करून त्यांनी पत्रा चाचपला.

"यो पत्रा कवा लागला रं?"

"तीन-चार महिने झाले असतील," मी म्हणालो.

दीड वर्ष होत आलं होतं.

दोन दिवसांनी काका मला घेऊन मॅडमच्या ऑफिसात गेले. मॅडमनी मोजणीचा नकाशा पाहिला, काकांकडून सगळं ऐकून घेतलं. "तीन-चार महिने ना? मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. ताबा काढून घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावला, तर कोर्ट मालकी कोणाची यात शिरत नाही. ताबा तुमचा होता आणि तो जबरदस्तीनं घेतला, एवढंच दाखवायचं. सरळ रस्ता आहे. "सहा महिने उलटले असते, तर मालकीचा दावा लावावा लागला असता. त्यात सातबाऱ्यापासून सगळं निघतं, वर्षानुवर्षं चालतं." मग माझ्याकडे वळल्या. "जागेवर तुम्ही होतात, म्हणून प्रतिज्ञापत्र तुमचं लागेल. पत्रे जूनमध्ये लागले, असं लिहू?"

मी मान हलवली.

"लगेच कळवलं का नाही, तेही विचारतील. खरं तर ताबा तुमच्याकडे होता, दावा तुम्हीही लावू शकला असता."

"तो घाबरट हाय," काका म्हणाले. त्यांनी माझी बाजू घेतली. "गावाकरचा पोर. त्याला काय कल्तंय कोर्टाचा."

टाइप झालेला कागद घेऊन आम्ही कोर्टाच्या आवारात नोटरीकडे गेलो. पुढे तीन-चार जण होते. काका बाकावर बसले. कागदावर लिहिलेलं होतं, मी सत्य प्रतिज्ञेवर सांगतो. तेवढं मला वाचता येत होतं. माझी पाळी आली तेव्हा नोटरीनं विचारलं, "मजकूर वाचलाय? खरा आहे?"

मी कागद उचलला आणि बाकाकडे आलो.

"काका, जून नाही. मागच्या वर्षीचा एप्रिल."

मी फोन काढून दाखवला. बोगनवेलीचा पहिला फोटो, मागं पत्रे, वर गेल्या वर्षीची तारीख. पाण्याचंही सांगितलं, पामच्या कुंड्यांचंही, दगडाचंही. थांबता येईना.

"दगर कुठं हाय आता?"

"नळाखाली."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पानी मना मागाचा होतास. माझ्या घरात नळ हाय."

ही गोष्ट मला दीड वर्षांत एकदाही सुचली नव्हती.

परत मॅडमकडे जाऊन काकांनी तो कागद फाडायला सांगितलं. मॅडम चिडल्या नाहीत, खरं सांगितलंत ते बरं झालं, खोटं प्रतिज्ञापत्र उघडं पडलं असतं, असंच म्हणाल्या. फोटो त्यांनी मागून घेतला. आता लांबचा दावा लागणार होता, त्यात तो लागेल. मी विचारलं, माझ्या पट्ट्याचं काय? त्या काकांकडे बघायला लागल्या.

"नवा नाय करत," काका म्हणाले.

"कलम मोडलंय, तर नोटीस देऊन आत्ताच संपवायचा प्रयत्न करता येईल," मॅडम म्हणाल्या.

"नको. मुदतीपरेंत राहू दे. मुदत संपली का आपोआप संपतंय ना?"

"हो. त्याला नोटीस लागत नाही."

तो सगळा नोव्हेंबर काका फाटकापाशी आले नाहीत. मी जागा शोधत फिरलो. मोहने गावाच्या बाजूला एक लहान तुकडा मिळाला, पण तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर मोकळा होणार होता. मुदतीचा शेवटचा दिवस आला तरी अर्धी झाडं जागेवरच. मी नर्सरीचा शेड सोडवला होता, जमिनीत लावलेली झाडं मुळाच्या मातीसकट बारदानात बांधली होती. मॅडमनी सांगितलेलं, तुम्ही लावलेलं सगळं तुमचं, पण ताबा द्यायच्या आधी काढा. एकदा ताबा दिला की कशाला हात लावायचा नाही.

मी काकांच्या घरी गेलो. दारातच उभा राहिलो. आठ दिवस जास्त द्या म्हणालो आणि त्या दिवसांचं भाडं पुढं केलं.

काकांनी हात मागे घेतला. "मॅडम बोलली, मुदतीनंतर भारा घेतला का तू परत भारेकरू होतंस. नको." ते आत जाऊन एक कागद घेऊन आले. तो आधीच तयार होता. त्यात लिहिलेलं, भाडेपट्टा मुदत संपून संपलेला आहे. पुढचे दहा दिवस फक्त सामान हलवायला दिलेत, भाडं घेतलेलं नाही, नवा हक्क नाही.

"आठ पुरतील, काका."

"दहा लिवलेत. तुझी झारा जास्त हायेत."

म्हणजे मी मागायच्या आधीच त्यांनी मोजले होते. मी सही केली. पैसे माझ्या मुठीत तसेच राहिले, आणि ते कुठं ठेवावेत तेही मला कळेना.

ते दहा दिवस मी त्या जागेवर फुकट राहिलो. कधी नव्हे इतकं जपून वागलो. झाडं काढलेले खड्डे भरून माती चोपली, तुटक्या कुंड्यांचे तुकडे वेचले. रोज काकांच्या नातीनं सकाळी येऊन विचारलं, "आजोबांनी विचारलंय, पाणी पाहिजे का?" रोज मी नाही म्हणालो. दहाव्या दिवशी ती परत आली तेव्हा टेम्पो उभा होता. मी तिला फाटकाची चावी दिली आणि म्हणालो, आजोबांना सांग, जागा रिकामी केली.

ती म्हणाली, "तुम्हीच सांगा ना. घर तर इथंच आहे."

मी टेम्पोत बसलो.