बळवंतरावांनी भरलेली जागा

बळवंतराव सरकारी नोकरीतून रिटायर झाले, पण त्यांच्यातला साहेब काही रिटायर व्हायला तयार नव्हता. मग दर रविवारी पहाडगंजच्या मंडळात ते दिल्लीत वाढलेल्या मराठी पोरांना व्याकरण शिकवू लागले. गाळलेल्या जागांवर त्यांचा भारी जीव. वाक्यं घरातलीच हवीत, एका जागेत एकच शब्द आणि जागा रिकामी सोडायची नाही, हा त्यांचा खाक्या.

त्यांची पंजाबी सून हरलीन रोज जेवणानंतर त्यांच्यासमोर बसे. 'मी भाजी ___ (आण).' आणीन. 'आम्ही लवकर ___ (ऊठ).' उठू. 'तू पोहे ___ (कर).' करशील. पोर मोठी चलाख. अडली ती एकदाच. हिंदीत करेगा-करेगी असतं, मग इथे बाईचं वेगळं रूप कुठं गेलं, असं तिनं विचारलं. बळवंतरावांची कॉलर ताठ झाली. मराठीचा भविष्यकाळ बाई-पुरुष बघत नाही, असं त्यांनी ऐकवलं. तो करेल, ती करेल, आणि मानानं बोलायचं तर दोघंही करतील. इतकी समतेची भाषा! त्यांच्या बायको अरुणाबाई तेव्हा आत एकट्याच भांडी घासत होत्या, हे सोडा.

पुढे हरलीनला नोएडाच्या एका चॅनलमध्ये नोकरी लागली. सकाळी सहाला कॅब येणार, सोमवारपर्यंत होकार कळवायचा. नवरा दिनकर म्हणाला, बाबांना विचार. बाबा म्हणाले, मग सकाळचं घर कोण बघेल? विषय संपला. हरलीनला रात्रभर झोप नाही, कारण ही नोकरी तिला मनापासून हवी होती.

रविवारी ती हसत हसत म्हणाली, आज पेपर मी काढलाय. बळवंतराव खुशीत पेन उघडून बसले.

'मी सहाला बाहेर ___ (पड).' पडेन. 'आई सकाळी फिरायला ___ (जा).' जातील. 'बाबा, तुम्ही चहा ___ (कर).' इथं पेन थबकलं. चहाचा डबा कुठल्या फळीवर असतो, हेही या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. पण जागा रिकामी कशी ठेवणार? 'कराल,' त्यांनी मुकाट्यानं लिहिलं. आतून अरुणाबाईंचं हसू ऐकू आलं.

शेवटचं वाक्य होतं, 'हरलीन नोकरी ___ (सोड).'

'सोडेल.' डोळे मिटून लिहिता येण्यासारखं. पण लिहिण्याआधी बळवंतरावांनी मान वर केली. हरलीन आता हसत नव्हती, ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. त्यांना एकदम फार वाईट वाटलं. इतके दिवस या पोरीचा भविष्यकाळ आपणच भरत बसलो होतो की!

त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'सोडणार नाही.'

"बाबा, एका जागेत एकच शब्द," हरलीननं ओढणीचं टोक सोडत आठवण करून दिली.

"मग काप मार्क," बळवंतराव म्हणाले. "मी नापास झालो तरी चालेल."