स्प्रिंगला न लागणारे सूत्र

१९६२ च्या जानेवारीत अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, इंटर सायन्सच्या चाचणी परीक्षेत, माझ्या खोलीवरच्या मित्राला भौतिकशास्त्रात नापास ठरवण्यात आले. चाचणीत नापास झालेल्याचा विद्यापीठाचा फॉर्म कॉलेज पुढे पाठवत नसे. तो एका गणितावर पडला, आणि ते गणित त्याचे बरोबर होते.

मित्र बाळापूरकडचा, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला. वर्ष वाया गेले की त्याची शिष्यवृत्ती बंद होणार होती.

दिवाळीच्या सुट्टीत राजापेठेतल्या खोलीवर आम्ही खाकी कागदावर सूत्रांचा तक्ता केला होता. पुस्तकात सूत्रे धड्यांप्रमाणे विखुरलेली होती. आम्ही ती कल्पनांप्रमाणे लावली. स्थिर त्वरण, बल, ऊर्जा, दोलन असे गट. प्रत्येक सूत्राखाली ते केव्हा लागते, याची एक ओळ.

"काहून लिहून राहिला एवढं?" मी म्हटले. "सूत्र पाठ असलं म्हणजे झालं."

"पाठ त पोपटालेही होते. कुठं नाही लागत ते सांग मले."

v² = u² + 2as खाली त्याने लिहिले, ‘त्वरण साऱ्या वाटेवर सारखे असेल तरच.’ ½kx² = ½mv² खाली, ‘घर्षण नसेल, आणि स्प्रिंगचे बल ताणाच्या प्रमाणात असेल तर. त्वरण बदलले तरी चालते.’ लोलकाच्या सूत्राखाली, ‘झोका लहान असेल तरच.’

चाचणीतले गणित असे होते: गुळगुळीत टेबलावर स्प्रिंगला बांधलेला ठोकळा ताणून सोडला, मूळ जागी येताना त्याचा वेग किती? मित्राने ऊर्जेने सोडवले. उत्तर सेकंदाला १०० सेंटिमीटर. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सोडतानाचे त्वरण सगळ्या वाटेला धरले होते. त्यांचे उत्तर १४१.

मित्र तक्ता घेऊन स्टाफरूममध्ये गेला. मी बरोबर होतो.

"हे कोणत्या पुस्तकातलं?" प्राध्यापकांनी विचारले.

"साऱ्या पुस्तकातलंच आहे सर. फक्त एका जागी लावलं."

"म्हणजे आता तुम्ही मला शिकवणार."

"नाही सर. पण मूळ जागी स्प्रिंग ढिली असते. तिथं ओढच नाही, मंग त्वरण कुठून आलं?"

शेजारचे एक प्राध्यापक म्हणाले, "घ्या, आता बाळापूरचे न्यूटन." दोघेतिघे हसले. आमचे प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी तक्त्यातली v² च्या सूत्राखालची ओळ दोनदा वाचली, मग कागद परत सरकवत ते म्हणाले, "वर्गात फळ्यावर जी पद्धत दिली, तिचेच गुण मिळतील."

याला मतभेद म्हणता येणार नाही. ते चुकले होते, आणि त्या क्षणी त्यांना ते कळलेले होते. एका मुलासमोर चूक मान्य करण्यापेक्षा त्याचे वर्ष बुडवणे त्यांना सोपे वाटले.

प्राचार्यांनी तक्ता उघडलाही नाही. विषयाच्या प्राध्यापकांचा शब्द अखेरचा, असे त्यांनी सांगितले.

फॉर्म गेला नाही. मार्चमध्ये मित्र अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलण्याच्या कामाला लागला.