अकरा नंबरची किल्ली

नांदेडला स्टेशनजवळ आमचं लॉज आहे. बावीस खोल्या. सासऱ्यांनी बांधलं, नवरा बाहेरची कामं बघतो, काउंटरवर मी बसते. प्रत्येक खोलीच्या दाराला आतून एक पाटी आहे : ‘मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात. सामान चोरीस गेल्यास अथवा हरवल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.’ काउंटरवर दुसरी पाटी : ‘बाहेर जाताना किल्ली काउंटरवर जमा करावी.’ दोन्ही मीच करून घेतल्या. लोक किल्ल्या खिशात घालून गावाला निघून जायचे, मग कुलपं बदलत बसावं लागायचं.

श्रावणाच्या आधी लातूरहून भजनाच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणारे एक चाचा आले. साठीच्या पुढचे, हातात जुनी चामडी बॅग. नांदेडला ते दरवर्षी यायचे, पण उतरायचे मुसाफिरखान्यात. तिथं बांधकाम निघालं होतं म्हणून पहिल्यांदाच आमच्याकडे. मी रजिस्टर पुढं केलं, आधार पाहिलं, दोन दिवसांचं भाडं घेतलं आणि अकरा नंबरची किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर निघाले आणि किल्ली खिशात ठेवू लागले.

“चाचा, किल्ली इथं.”

“माझ्याजवळच राहू द्या की बाई. आत माझी हत्यारं हायत.”

“नियम आहे. सगळेच ठेवतात.”

त्यांनी किल्ली ठेवली. मी ती मागच्या फळीवर अकराच्या खिळ्याला अडकवली. थोड्या वेळानं वरच्या टाकीचं पाणी वाहायला लागलं म्हणून मी गच्चीवर गेले. मोटर बंद केली, कामवालीला बोलले, खाली आले. दहा मिनिटं काउंटरला कुणी नव्हतं. किल्ली आपल्या खिळ्यालाच होती.

दुपारी चाचा खोलीत गेले आणि तसेच खाली आले. बॅग नव्हती. कुलूप शाबूत, खिडकीला गज. कपड्यांची पिशवी जागेवर, फक्त बॅग गेलेली. जड होती, चोराला काही वेगळं वाटलं असेल.

मी म्हटलं, “दारावर पाटी वाचली नाही का?”

“वाचली. खोलीत जाऊन दार लावलं तवा वाचली. पैसे तर तुमी खालीच घेतले हुते.”

मला ते उर्मट वाटलं. बॅगेत काय होतं ते पोलीस चौकीत त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं : कानशी, पटाश्या, इस्लापूरच्या भजनी मंडळाच्या पेटीतून काढलेले सूर, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी पट्ट्या, आणि एक लाकडी डबी. डबीत पितळेचे बारा सूर होते, वडिलांनी लावलेले. चाळीस वर्षं ते प्रत्येक पेटी त्या डबीतल्या सुरांशी जुळवून लावत होते. ते म्हणाले, “हत्यारं घेता येतील. डबी गेली तर मी कामाचा न्हाई.”

हवालदारानं विचारलं, “पितळ किती वजनाचं?”

गुन्हा नोंदवला. अकरा नंबरच्या मजल्यावरचा कॅमेरा बंद होता. पंधरवड्यानं बॅग रुळांपलीकडे सापडली, रिकामी. पितळ भंगारात गेलं असणार.

त्या पाटीबद्दल एक सांगायला हवं. याआधीही आमच्याकडे चोऱ्या झाल्या होत्या. एका बाईंची कर्णफुलं, कुणाचं घड्याळ. मी बोट करून पाटी दाखवायची. लोक वाचायचे, थोडं चिडायचे आणि निघून जायचे. पाटीचा उपयोग तेवढाच होता, आणि तो मला पुरत होता. कायद्यात ती टिकते की नाही, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

चाचांनी विचारलं. लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. राहत्या जिल्ह्यात करता येते, वकीलही लागत नाही. नोटीस आली तेव्हा नवरा म्हणाला, “पेटीवाला आपल्याला कोर्टात ओढतोय?” आमच्या वकिलानं पाटीचा फोटो लावून उत्तर तयार केलं. मला ते फार तोकडं वाटलं. आपलं लॉज किती शिस्तीचं आहे हे कळायला नको का? मी आग्रहानं एक ओळ घालायला लावली : ‘बाहेर जाताना प्रत्येक ग्राहकाची किल्ली आमच्या ताब्यात घेतली जाते, यात कोणालाही सूट नाही.’ वकील म्हणाला, “याची गरज आहे का, ताई?” मी म्हटलं, “आहे.”

शपथपत्रावर सही केली आणि सुनावणीला लातूरला गेले. चाचा स्वतःच उभे होते, हातात कागदांची एक पिशवी. अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या महिला सदस्यांनी आमचं उत्तर उघडलं आणि माझीच ओळ मोठ्यानं वाचली.

“म्हणजे चोरी झाली तेव्हा किल्ली तुमच्या ताब्यात होती?”

“हो.”

“कुलूप तुटलं होतं?”

“नाही.”

“मग खोली कोणी उघडली?”

वकील पाटीबद्दल बोलू लागला. त्यांनी त्याला हातानं थांबवलं. “पाटी दाराच्या आतून आहे. भाडं घेतल्यावर माणूस आत जातो. आधी कधी सांगितलंत? रजिस्टरवर लिहिलंय? आणि सांगितलं असतं तरी, किल्ली सक्तीनं घ्यायची आणि ती सांभाळायची नाही, हे पाटीनं कसं माफ होईल?” मग माझ्याकडे वळून, “काउंटरला कोण होतं?”

“मी. दहा मिनिटं नव्हते.”

हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं. वकिलालाही नाही. चाचांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत समोर पाहिलं.

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. सेवेत त्रुटी, पाटीमुळं सुटका नाही. हत्यारांच्या पावत्या नव्हत्या म्हणून आयोगानं अंदाजानं किंमत धरली, वर त्रासाची भरपाई आणि खर्च. वकील म्हणाला, राज्य आयोगात अपील करू. नवऱ्यालाही तेच हवं होतं. मी नको म्हटलं. किल्ली माझ्याच खिळ्याला होती, त्यावर अपील काय करणार?

डिमांड ड्राफ्ट पोस्टानं पाठवता आला असता, पण मी घेऊन गेले. लातूरला डाळ मिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. चाचा एका उघड्या पेटीसमोर बसले होते, बाजूला मोबाईल. त्यांची सून मला पाणी देऊन आत गेली.

“फोनवर सूर लावता?”

“फोनचा सूर बरोबर हाय, बाई. पर माझ्या पेट्या त्या सुरात न्हाईत. साऱ्या गावांच्या पेट्या अब्बांच्या डबीवरून लावलेल्या. नवी पेटी फोनवर लावली तर जुनीसंगं जुळत न्हाई. मंडळवाले म्हणतेत, चाचा, तुमचा कान गेला.”

“मग एखाद्या जुन्या पेटीवरून डबी नव्यानं बनवता येत नाही?”

“तेच करून राहिलो. समद्या पेट्या वापरून वापरून सुरातनं थोड्या थोड्या सरकल्यात. ही एक वरच्या बाजूला, ही खालच्या. कोणची अब्बांच्या जवळ हाय, मला ठरवाया पायजे. अब्बा असते तर सांगितलं असतं.”

त्यांच्यासमोर कापडावर नवे पितळी सूर ओळीनं मांडले होते. सहा झाले होते. ते एकाला कानस लावायचे, भात्यावर धरायचे, ऐकायचे आणि परत कानस. मी पावती पुढं केली. त्यांनी हात पुसून सही केली आणि ड्राफ्ट न पाहता फडताळात ठेवला.

“इस्लापूरवाले?” मी विचारलं.

“त्यांचे सूर गेले ते गेले. नवे बसवून देईन. पर आदी डबी.”

सातवा सूर त्यांनी भात्यावर धरला. मी ऐकला. मला तो चांगलाच वाटला. त्यांनी मान हलवली आणि परत कानस हातात घेतली.