पिशवीचा सौदा

घासाघीस करून मी आयुष्यात बरंच काही मिळवलं. दुकानाचा गाळा, चार शिलाई मशिनी, मुलीच्या लग्नाचा हॉल. पण गर्भपिशवी काढायचा भाव पाडून, वर विजयी चेहऱ्याने घरी येणारी बाई माझ्याशिवाय दुसरी असेल असं वाटत नाही.

माझं दुकान उल्हासनगरला, बायकांच्या गाऊनचं. राहायला बदलापूरला. सासर जवळच, चामटोलीला. मी पहिल्यांदा डोक्यावर गाठोडं घेऊन गाऊन विकायला निघाले, तेव्हा माझ्या थोरल्या जावेने विहिरीवर चार बायकांत म्हटलं होतं, "गाऊन विकणारी बाई घर काय सांभाळणार?" वीस वर्षं झाली. दुकानाच्या उद्घाटनाला सगळं गाव आलं, ती आली नाही. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

त्या शिबिराला मी तपासणीसाठी गेलेच नव्हते. अंबरनाथच्या एका महिला मंडळाने हॉलमध्ये गर्भाशयाच्या मुखाची तपासणी ठेवली होती. दोनशे बायका येणार म्हटल्यावर मी दाराशी गाऊनचा स्टॉल लावला. दुपारी गर्दी ओसरली तशी आतली सिस्टर बाहेर आली. एक गाऊन उलटापालटा करत म्हणाली, "ताई, शेवटची कधी तपासणी केली होती?"

"कधीच नाही. मला काही होत नाही."

"काही होत नसतं तेव्हाच करायची असते. चला, दोन मिनिटं. फुकट आहे."

फुकटला मी कधी नाही म्हटलेलं नाही. स्टॉल शेजारणीवर सोपवला आणि आत गेले. दोन मिनिटंही लागली नाहीत. छोट्या ब्रशने नमुना घेतला. सिस्टर म्हणाली, याच्यातून एचपीव्ही नावाचा विषाणू आहे का ते बघतात, आणि पेशी कशा दिसतात तेही. मी बाहेर येऊन आणखी तीन गाऊन विकले आणि विसरून गेले.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. रिपोर्ट न्यायला या. एचपीव्ही पॉझिटिव्ह होता. त्यातले सगळ्यात घातक समजले जाणारे दोन प्रकार, सोळा आणि अठरा, नव्हते, पण धोक्याच्या गटातला दुसरा कुठलातरी होता. पेशींमध्ये सौम्य बदल दिसत होते.

"घाबरू नका," सिस्टर म्हणाली. "हा कॅन्सर नाही. पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून आधीच बघायचं असतं. कोल्पोस्कोपी करायची, म्हणजे दुर्बिणीतून तो भाग बघायचा. ही चिठ्ठी. इथे अंबरनाथलाच मॅडम आहेत."

मी त्या सगळ्यातला एकच शब्द घरी घेऊन गेले. कॅन्सर.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मोबाइलवर वाचलं की हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. मग माझं डोकं फिरलं. माझे मालक लग्नानंतर तीन वर्षं सुरतेला टेंपोवर होते. मी रिपोर्ट त्यांच्या ताटाशेजारी आपटला.

"सुरतेहून हे आणलंत?"

त्यांनी वाचायला चष्मा शोधला. त्यानेच मी जास्त भडकले.

"तू काय बोलतेस कळतंय का तुला?"

"मला कळतं. तुम्हाला कळायला हवं होतं."

"पंचवीस वर्षांपूर्वीची सुरत आज निघाली?" एवढंच बोलून ते भाकरी मोडत बसले. खाल्ली नाही. मीही विचारलं नाही.

पण ते घाबरले होते. गप्प माणूस घाबरला की भावाला फोन करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जावेचा फोन.

"काय गं, काय ऐकते मी?"

"जे ऐकलंत तेच."

"आमच्यात असलं कुणाला नाही झालं बाई. बाजारात बसलं की सतरा ठिकाणचं पाणी." मग आवाज जरा खाली आला. "ते दुर्बीणबिर्बीण राहू दे. सरळ पिशवी काढ. मी काढली, मोकळी झाले. मुळावरच घाव घातला की फांदीची चिंता नाही."

मला तिचा सल्ला नको होता, पण बोलणं पटलं. आमच्याकडे ही रीतच आहे. कंबर दुखली, पिशवी काढा. अंगावरून गेलं, पिशवी काढा. दोन मुलं झाली की तिचं काम संपलं. मी त्याच दिवशी एका नर्सिंग होममध्ये गेले. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या पहिल्या ओळीवर नजर टाकली, "रिस्क कशाला घ्यायची?" म्हणाले आणि पॅकेज सांगितलं.

मग मी माझ्या रंगात आले. खोली एसी नको, दोघींची चालेल. औषधं पॅकेजमध्येच धरा. भुलेच्या डॉक्टरांचे वेगळे लावू नका. माझ्या दोन गिऱ्हाइकांनाही हेच करायचंय, त्यांना पाठवते. काउंटरवरची मुलगी दोनदा आत जाऊन विचारून आली. लग्नसराई संपल्यावरची तारीख घेऊन मी बाहेर पडले तेव्हा मला कॅन्सरची भीतीच नव्हती. भाव पाडला होता ना!

आठवड्याने सिस्टरचा फोन आला. "ताई, मॅडमकडे गेला नाहीत?"

"गरज नाही. पिशवीच काढतेय. सगळं ठरलं."

"काढतेय? आत दुर्बिणीतून बघितलं कुणी?"

"रिपोर्ट बघितला."

"रिपोर्ट बघितला. तुम्हाला नाही बघितलं."

मी तेव्हा दुकानात होते. समोर माझा कापडाचा शेठ बसला होता, नवीन कॉटन घेऊन. "साईं, माल बढ़िया है, बंद ही ले जाओ," असं त्याचं चाललं होतं आणि मी फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने तागा उलगडत होते. गेल्या वीस वर्षांत मी न उलगडता तागा घेतलेला नाही. वरचे चार वार सगळ्यांचेच चांगले असतात. डाग आत असतो, किंवा वर डाग दिसतो आणि आत सगळं स्वच्छ निघतं. आधी उलगडायचं, मग भाव. आणि मी स्वतःच्या अंगाचा भाव बंद ताग्यावर करून आले होते.

शेठला म्हटलं, "रुको." सिस्टरला म्हटलं, "मॅडम कधी असतात?"

अंबरनाथच्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मला ते आवडलं नाही. मालक बाहेर बाकावर बसले. मी सांगितलंच नव्हतं, ते स्वतःहून आले होते. मॅडमनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय विचारायचंय ते आधी विचारा. तपासणी नंतर."

"हे मला कुणी दिलं?"

"सांगता येत नाही."

"तपासून पण नाही?"

"कशानेच नाही. हा विषाणू इतका सर्रास असतो की संसार केलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो परतवून लावतं. कधी तो गप्प पडून राहतो, खूप वर्षांनी सापडतो. मागच्या वर्षीचा की लग्नाच्या वेळचा, तुमच्याकडून की त्यांच्याकडून, हे या कागदावरून कुणालाच कळणार नाही. भांडण झालंय का?"

"झालंय."

"मिटवा."

"आणि पिशवी?"

"कशासाठी काढायची? विषाणू पिशवीपुरता नसतो. काढली तरी तो आजूबाजूला राहू शकतो. बदल मोठे निघाले तर मुखाचा तेवढाच छोटा भाग तारेच्या लूपने काढतात, पिशवी राहते. तुमचे बदल सौम्य दिसतायत. पण दिसतायत यावर मी थांबत नाही."

टेबलावर पडून मी छताचा पंखा बघत होते. आत साधन बसवलं तसं ताणल्यासारखं झालं. दुर्बीण बाहेरच होती, स्टँडवर. मॅडमनी आत औषध लावलं. ते एक प्रकारचं व्हिनेगरच, त्याने बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. जरा चुरचुरलं. मग आयोडीन. "इथे छोटा पांढरा भाग आहे," मॅडम म्हणाल्या, "तपासायला कण घेते, खोका." मी खोकले, चिमटा बसल्यासारखं झालं, संपलं. दोन-चार दिवस थोडं डागेल, तेवढे दिवस संबंध नको, जास्त रक्त गेलं किंवा ताप आला तर लगेच या, असं सांगून त्यांनी मला उठवलं.

रिक्षात मी मालकांना सगळं सांगितलं. मोरिवली मागे पडल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी सुटलो?"

"सुटला नाहीत. पुरावा मिळत नाही, एवढंच."

ते हसले. बऱ्याच दिवसांनी. मग मलाही हसू आलं आणि रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

दहा दिवसांनी कणाचा रिपोर्ट आला. सीआयएन एक. मॅडम म्हणाल्या, पेशींच्या बदलाची सगळ्यात खालची पायरी, बहुतेक वेळा आपोआप निवळते. आता काही कापायचं नाही. वर्षाने पुन्हा एचपीव्हीची तपासणी, तेवढी मात्र चुकवायची नाही. "तुमच्यासारख्यांचीच भीती वाटते," त्या म्हणाल्या, "बरं वाटलं की येत नाहीत." मी नर्सिंग होमला फोन करून तारीख रद्द केली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून थोडं कमी करू?"

ही हकीकत मी मुद्दाम चामटोलीला जाऊन सांगितली. जावेला ऐकवायचीच होती. ती अंगणात वाल सोलत बसली होती. मी दुर्बिणीपासून सीआयएनपर्यंत सगळं सांगितलं, वर म्हटलं, "फांदीवर नुसती धूळ होती, मूळ कशाला तोडायचं?"

ती टोमणा परत करेल म्हणून मी तयार होते. तिने सोललेला वाल सुपात टाकला नाही, हातातच धरून ठेवला.

"माझी काढली तेव्हा मी चौतीसची होते," ती म्हणाली. "पांढरं जायचं नुसतं. डॉक्टर म्हणाला, पुढे कॅन्सर होईल. दुर्बीण नाही, कण नाही. माझं बघितलं असतं कुणी तर?"

मी तिच्यासमोर खाली बसले आणि वाल सोलायला घेतले. विहिरीवरचं वाक्य मी तिला माफ केलेलं नाही. पण त्या दिवशी काढलंही नाही.

बरोबर वर्षाने मी मॅडमकडे गेले. जावेची सून सोबत होती. ती तिशी ओलांडलेली, आणि तिला माझ्याकडे पाठवलं होतं खुद्द सासूने. निरोप असा: "काकूंबरोबर जा, त्या फसत नाहीत." या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होते.

माझा एचपीव्ही निगेटिव्ह आला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता तीन वर्षांनी."

"तीन फार झाली. दोन करा."

"तीन."

"अडीच. जुनं गिऱ्हाईक आहे मी."

त्यांनी फाइलवर तीन लिहिलं, खाली रेघ ओढली आणि फाइल माझ्या हातात दिली. मी ती उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मगच पिशवीत टाकली. बाहेर मालक बाकावर बसले होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं," म्हटलं. "एक पैचीही सूट नाही."