बाटलीतलं पाणी

व्हॅन सुरू केली की आत्या आधी हीटरचं बटण फिरवायची. निळ्यापासून लाल टोकापर्यंत. टोक आल्यावरही थांबायची नाही, अंगठ्याने अजून थोडं दाबायची. एखाद्या हट्टी माणसाचा कान धरावा तसं. मग हाताची पालथी बाजू जाळीपुढे धरायची, वाट बघायची, आणि हिवाळा असला की बहुतेक वेळा एकच शब्द बोलायची, "मेल्या."

हा शब्द व्हॅनला नव्हता. माझ्या बाबांना होता.

बाबा आत्याचे धाकटे भाऊ. त्यांचं गॅरेज होतं आणि आख्खा रस्ता त्यांना उस्ताद म्हणायचा. आत्या छोट्या म्हणायची. ती डायलिसिसच्या पेशंटना घरून दवाखान्यात न्यायची आणि परत आणून सोडायची. दवाखान्याचं कंत्राट तिचं, व्हॅनही तिचीच. ड्रायव्हरच्या मागे चार जागा. त्यातली खिडकीजवळची, हीटरच्या झोताच्या वाटेतली जागा शिंपीकाकांची. त्यांनी दुकान कधीच मुलाला सोपवलं होतं, पण समोर बसलेल्याच्या कोटाची शिवण बघितल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. त्यांच्या शेजारी काकू, मांडीवर घडी केलेली शाल घेऊन.

मशीनवरून उतरलेल्या माणसाला किती थंडी वाजते ते मला आत्याकडूनच कळलं. रक्त बाहेर जातं, नळ्यांतून फिरतं, परत येतं, आणि माणूस आतून गारठून जातो. "वरून चार रजया टाक," ती म्हणायची, "आत कोण टाकणार?" म्हणून परतीच्या वाटेवर व्हॅन गरम असली पाहिजे हा तिचा नियम होता. पेशंट बाहेर यायच्या आधी ती इंजिन सुरू करून ठेवायची.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला हवा कोमट यायला लागली. गाडीचा तापमानाचा काटा मध्यापर्यंत चढायचाच नाही, खालीच रेंगाळायचा. बाबांनी बोनेट उघडलं आणि लगेच सांगितलं, "थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. पाणी सगळा वेळ रेडिएटरकडे पळतंय, इंजिनला तापायला उसंतच नाही." त्यांनी नवा थर्मोस्टॅट बसवला. काटा बरोबर मध्यावर येऊन थांबला. बाबांनी हात पुसले, काट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "झालं."

झालं नव्हतं. दुसऱ्याच फेरीला हवा गार आली. कोमटसुद्धा नाही, गार.

आत्या आली. बाबांनी बोनेट उघडलंच नाही. खिडकीतून डोकावून काटा बघितला.

"ताई, इंजिन तापतंय. काटा मध्यावर आहे."

"काटा तापलाय. माझे पेशंट गारठलेत."

"थोडा वेळ लागतो हवा गरम यायला."

"किती? उन्हाळ्यापर्यंत?"

बाबा हसले. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "चढावर जरा ऊब येते. सिग्नलला थांबले की गार. आणि डॅशबोर्डच्या मागे पाणी वाजतं, गुळगुळ. शिंपीकाका म्हणतात, बाई, तुमच्या गाडीच्या पोटात कळ येतेय."

"शिंपी आता गाड्या बघायला लागले का?" बाबा म्हणाले. मग जरा गंभीर होऊन, "पाणी आहे ना?"

"काठोकाठ."

"मग ठीक आहे."

मी तिथेच होते. सुट्टीला घरी आले होते, आणि गॅरेजच्या काचेच्या खोलीत बसून वाचत होते. ही चार वाक्यं मी ऐकली आणि मलाही ती साधीच वाटली. बाबा पाणी म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात रेडिएटरमधलं पाणी होतं. आत्या पाणी म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे बोनेटखालची ती पांढरी प्लास्टिकची बाटली होती, जिच्यावर रेघ असते आणि जी ती रोज सकाळी बघायची. बाटलीच बघायची हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. "रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस, भाजशील. बाटली भरलेली असली की सगळं भरलेलं." दोघं एकच शब्द बोलत होते आणि दोघांना पाणी वेगळीकडे दिसत होतं.

त्यानंतर आत्या बटण आणखी जोरात फिरवायला लागली. रोज सकाळी तो कान आणखी पिळला जायचा. एका दिवशी ते बटण एकदम सैल झालं, लोण्यात फिरावं तसं. तिला वाटलं, बरं झालं, मोकळं झालं.

मग ती दुपार आली.

व्हॅन गॅरेजसमोर कर्कश आवाज करत थांबली. आत्या उतरली, मागचं दार उघडलं आणि शिंपीकाकांना हात देऊन खाली घेतलं. त्यांचे ओठ राखाडी झाले होते. काकूंनी त्यांच्या अंगावर शाल टाकली होती आणि वर स्वतःचा कोटही. आत्याने दोघांना काचेच्या खोलीत आणून विजेच्या शेगडीजवळ बसवलं. मी चहा पुढे केला तर काकू म्हणाल्या, "अर्धाच कप दे गं. पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना."

शिंपीकाका कप दोन्ही हातांत धरून बसले. मग फार शांतपणे म्हणाले, "बाईंना सांगून टाकलंय. पुढच्या वेळी मी नाही येणार. सुई टोचतात ते सोसवतं. हा प्रवास नाही सोसवत."

"चुकवलंत तर काय होईल माहीत आहे ना," काकू म्हणाल्या.

"माहीत आहे. शिंपी आहे मी, धागा किती उरलाय ते कळतं."

आत्याने ते ऐकलं. ती सरळ गॅरेजमध्ये गेली. बाबा एका गाडीखाली होते. तिने त्यांच्या बुटाला पायाने ढकललं.

"बाहेर ये."

"ताई, ही गाडी द्यायची आहे संध्याकाळी."

"छोट्या, बाहेर ये म्हटलं."

बाबा सरकून बाहेर आले. तिने त्यांना व्हॅनपाशी नेलं, मागचं दार दाखवलं. "बस. त्यांच्या जागेवर. जॅकेट काढ आधी."

"हा काय प्रकार आहे?"

"काढ."

बाबांनी जॅकेट काढलं. आत्या पुढे बसली, इंजिन सुरू केलं, पंखा पूर्ण सोडला, बटण लाल टोकाला नेलं. गॅरेजसमोरच्या रस्त्याने फेऱ्या मारल्या. काचेतून मला दिसत होतं: व्हॅन जाते, येते, जाते, येते, आणि मागच्या खिडकीत बाबा बगलेत हात खुपसून बसलेले. ती थांबली तेव्हा बाबांचं नाक लाल झालं होतं.

"काटा कुठे आहे?" तिने विचारलं.

"मध्यावर."

"आणि तू?"

बाबा खाली उतरले.

"मी चढाचं सांगितलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "सिग्नलचं सांगितलं. पोटात पाणी वाजतं म्हणून सांगितलं. तू काटा बघितलास. मी बोलत होते आणि तू काटा बघत होतास. कुठलं गिऱ्हाईक आलं असतं आणि हेच बोललं असतं तर तू बोनेट उघडलं असतंस. मी बहीण, म्हणून माझी कटकट."

बाबांनी बोनेट उघडलं. हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या हाताने चाचपल्या. एक जेमतेम कोमट होती, दुसरी गार. त्यांचा चेहरा पडला. इंजिन बंद केलं आणि ते निवेपर्यंत व्हॅनशेजारी नुसते उभे राहिले. मग जाड फडकं टाकून रेडिएटरचं झाकण हळूहळू सोडलं.

आत पाण्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी टॉर्च लावली. खाली, बरंच खाली, हिरवट चमक दिसली.

"तू म्हणालीस भरलंय."

"बाटली भरलेलीच आहे. बघ."

बाटली खरंच काठोकाठ भरलेली होती. बाबांनी झाकण उलटं केलं. आतलं रबर वाळून कडक झालं होतं, कडेला तडे गेले होते. इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घ्यायचं काम या झाकणाचं. ते ओढतच नव्हतं. थर्मोस्टॅट बदलताना आत हवा राहिली होती. त्यातली काही निघून गेली तशी पातळी उतरली, आणि बाटलीतलं पाणी बाटलीतच बसून राहिलं. हीटर याच गरम पाण्यावर चालतो, आणि त्याच्या नळ्या सगळ्यांत उंच, म्हणून उरलेली हवा तिथे जाऊन अडकली. इंजिनपुरतं पाणी होतं, म्हणून काटा मध्यावर.

"अजून थोडं उतरलं असतं तर काटाही खोटं बोलला असता," बाबा पुटपुटले. "इंजिन गेलं असतं."

"मला इंजिनाचं सांगू नकोस."

बाबांनी नवं झाकण आणलं. व्हॅनचं तोंड चढाच्या बाजूला वर करून लावलं, कूलंटचं हिरवट पाणी हळूहळू ओतलं, इंजिन चालू ठेवून बुडबुडे येऊ दिले, पुन्हा ओतलं. बराच वेळ. शेवटी दोन्ही नळ्यांना हात लावला आणि पटकन मागे घेतला. दोन्ही चटका बसेल इतक्या तापल्या होत्या.

"आता बघ," ते म्हणाले.

आत्याने पालथा हात जाळीपुढे धरला. गार.

मला वाटलं ती आता फुटेल. पण ती फक्त बाबांकडे बघत राहिली, आणि बाबा पहिल्यांदा काही न बोलता थेट डॅशबोर्डखाली घुसले. पाठीवर आडवे, टॉर्च दातांत.

"बटण फिरव."

तिने फिरवलं. आतून आवाज आला, "बटणाची वायर अख्खीच सरकतेय. गरम हवेची झडप जागची हलत नाहीये. वायरीला धरून ठेवणारी क्लिप तुटलीय." मग त्यांनी बोटाने ती झडप ढकलली असावी, कारण जाळीतून एकदम गरम हवेचा लोट आला. आत्याचे केस मागे उडाले.

"ही क्लिप अशी नाही तुटत," बाबा खालून म्हणाले. "कुणी जोर लावला?"

आत्याने बटणावरचा हात मागे घेतला.

"मी. तुझ्या नावाने."

डॅशबोर्डखालून आधी हसण्याचा आवाज आला, मग थांबला. बाबा बाहेर आले, शर्टाला धूळ, कपाळाला ग्रीस. ते हसत नव्हते. "ताई," म्हणाले, "पाणी म्हटलं की मी रेडिएटर समजतो. आणि बाटलीचं तुला मीच शिकवलं."

"शिकवलंस. आणि मग विचारायचं सोडलंस."

तिने माफ केलं असं मी म्हणणार नाही. पुढची कित्येक वर्षं गॅरेजात आली की ती आधी काटा कुठे आहे ते विचारायची आणि बाबा खाली बघायचे. पण क्लिप बसली. संध्याकाळी शिंपीकाका-काकूंना घरी सोडायला मीही बरोबर गेले. काकांच्या अंगावरचा कोट आधी उतरला, मग शाल. वाटेत ते पुढे वाकले आणि आत्याच्या सीटच्या कव्हरकडे बोट दाखवून म्हणाले, "ही शिवण कुणी घातलीय? परवा येताना सुई-दोरा आणतो."

"परवा," आत्या म्हणाली.

आत्या अंथरुणाला खिळेपर्यंत व्हॅन चालवत राहिली. आता ती नाही, आणि व्हॅन मी चालवते. ती उठू शकली नाही त्या पहिल्या सकाळी मी किल्ली घेऊन दारात उभी होते, पेशंट वाट बघत होते. तिने डोळे उघडले, माझ्या हातातली किल्ली बघितली आणि म्हणाली, "झाकण उघडून बघितलंस का? इंजिन गार असताना बघ. बाटलीवर जाऊ नकोस."